बिलं वाटू नका, महिना वाटा

प्रश्न: आम्ही तीन भावंडं. आई-बाबा ताईकडे असतात. पक्षाघातानंतर आईची एक बाजू नीट चालत नाही, बाबांना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा त्रास आहे. मी दुसऱ्या शहरात नोकरीला, तिघांत कमाई माझी जास्त, म्हणून मोठी बिलं आजवर मीच भरत आलोय. धाकट्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, तो 'जमेल तसं' देतो. आता खर्च वाढलाय. सरळ तीन हिस्से करावेत असं वाटतं, पण ताईला ते झेपणार नाही हेही दिसतं. भांडण न होता, सगळ्यांना पटेल अशी वाटणी कशी मांडू?

उत्तर:

कोणी किती द्यायचे हा विषय पंधरा दिवस काढूच नका. आधी महिन्याला एकूण किती लागतात, तो एकच आकडा काढा. कुटुंबांचे पैशाचे हिशेब लावून द्यायचं काम मी वीसेक वर्षं करतोय, आणि आई-वडिलांच्या आजारपणावरून आलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात मला एकच गोष्ट दिसली आहे: भावंडं हिश्श्यावरून भांडत असतात, पण प्रत्येकाच्या डोक्यातली एकूण रक्कम वेगळी असते. तुम्हाला मोठी बिलं माहीत आहेत, कारण ती तुम्ही भरता. ताईला रोजचे किरकोळ खर्च माहीत आहेत, कारण ते तिच्या पर्समधून जातात. धाकट्याला बहुधा दोन्ही माहीत नाहीत. त्याला फक्त 'पाठव रे थोडे' असा फोन माहीत आहे.

मागच्या तीन महिन्यांचा खर्च लिहून काढा. एक महिना पुरत नाही, कारण बाबांच्या साखरेच्या एचबीए१सीसारख्या तपासण्या साधारण तीन महिन्यांनी होतात आणि त्या एखाद्या महिन्यात दिसतच नाहीत. विम्याचा वर्षाचा हप्ता बाराने भागून धरा. आणि ताईला वेगळं बसवून विचारा: डायपर, साखर तपासायच्या स्ट्रिप्स, दवाखान्यात जायचं गाडीभाडं, हवेच्या गादीच्या पंपाची वीज, रोजच्या चादरी धुण्याचा खर्च. हे खर्च ती सांगणार नाही, कारण तिने ते कधी खर्च म्हणून मोजलेच नसतात. विचारावं लागतं.

पुढचे सगळे आकडे मी महिन्याचा एकूण खर्च १०० धरून देतो. तुम्ही तुमचा खरा आकडा टाकून गुणून घ्या. तुमच्यासारख्या घरात चित्र साधारण असं निघू शकतं: औषधं आणि नेहमीच्या तपासण्या ३०, दिवसा येणारी मदतनीस ४०, फिजिओथेरपी १०, विम्याचा हप्ता १२, आणि डायपर, स्ट्रिप्स, जाणं-येणं मिळून ८. यात अचानक दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर येणारा खर्च नाही. तो वेगळा विषय आहे, त्यावर नंतर येतो. हे दोन खर्च एकाच वाटणीत घालणं ही सगळ्यात मोठी चूक. चालू खर्च दर महिन्याला येतो आणि त्याची सवय होते. भरतीचा खर्च एका रात्रीत येतो आणि त्या रात्री कोणीही न्याय-अन्यायाचा विचार करण्याच्या मनःस्थितीत नसतं.

आता पहिला अवघड मुद्दा. १०० मधून आधी आई-बाबांचे स्वतःचे पैसे वजा करा. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, 'त्यांचे कशाला, आपण आहोत ना.' भावना चांगली आहे, पण तिचा हिशेब लावून बघा. आई-बाबांची ठेव तशीच राहिली आणि सगळी बिलं तुम्ही भरलीत, तर त्यांच्या पश्चात ती ठेव तिघांत वाटली जाणार. म्हणजे आज तुम्ही जे भरताय त्याचा काही भाग उद्या बाकीच्या दोघांच्या वारशात जमा होतोय. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण दहा वर्षांनी ते कोणाच्या तरी लक्षात येतं, आणि मग कडवटपणा येतो. त्यांची पेन्शन, ठेवींचं व्याज, घरभाडं जे काही येत असेल त्यातून आधी त्यांचं खाणंपिणं, ताईच्या घरातला त्यांचा वाटा आणि हातखर्चाला थोडे पैसे बाजूला ठेवा. हातखर्च सोडू नका. नातवाला वाढदिवसाला द्यायला बाबांच्या खिशात पैसे असायलाच हवेत. उरलेलं उपचाराला. आपल्या उदाहरणात ते ३० धरू. मुलांनी मिळून भागवायचे राहिले ७०.

७० चे तीन समान भाग केले तर प्रत्येकी सव्वातेवीस-साडेतेवीस. ऐकायला एकदम न्याय्य. आता कमाई याच मापात बघू. समजा तुमची महिन्याची कमाई ६००, त्यातले घर चालवायला ३५० जातात, उरतात २५०. धाकट्याची सरासरी ४००, जातात ३००, उरतात १००. ताईची २००, जातात १५०, उरतात ५०. समान वाटणीत ताईच्या उरलेल्या पैशांतला जवळजवळ निम्मा भाग जातो आणि तुमच्या उरलेल्यांतला दहावासुद्धा जात नाही. ताईला झेपणार नाही असं जे तुम्हाला दिसतंय, ते हेच.

कमाईच्या प्रमाणात वाटायचं का? बरेच जण तिथेच थांबतात. मी नाही थांबत, कारण कमाईचा आकडा फसवतो. ४०० कमावणाऱ्याची दोन मुलं शिकत असतील आणि घराचा हप्ता चालू असेल, तर त्याची ताकद ३०० कमावणाऱ्या एकट्या माणसापेक्षा कमी असू शकते. म्हणून वाटणी उरणाऱ्या पैशांवर करा. इथे २५०, १०० आणि ५०, म्हणजे आठ हिस्से: तुमचे पाच, धाकट्याचे दोन, ताईचा एक. ७० चे आठ हिस्से केले तर एक हिस्सा ८.७५. तुम्ही ४३.७५, धाकटा १७.५, ताई ८.७५. प्रत्येकाच्या उरलेल्या शंभरातले साडेसतरा जातात, तिघांचे सारखेच. 'समान' हा शब्द तुम्हाला हवाच असेल तर तो इथे वापरा: समान रक्कम नाही, समान ओझं.

'घर चालवायला जातात' यात काय धरायचं यावर वाद होणार, म्हणून ते आधीच ठरवा. घरभाडं किंवा राहत्या घराचा हप्ता, किराणा, मुलांचं शिक्षण, कर, स्वतःचा विमा, आणि आजारपण सुरू व्हायच्या आधी घेतलेल्या कर्जाचे हप्ते हे धरायचे. दुसऱ्या घराचा हप्ता नाही धरायचा, ती गुंतवणूक आहे. सहल नाही. हा नियम तुम्हालाच सगळ्यात जास्त टोचेल, कारण गुंतवणूक बहुतेक वेळा जास्त कमावणाऱ्याकडे असते. म्हणूनच तो तुमच्या तोंडून आला तर बाकीचे ऐकतात.

कमाई सांगायला एखादा तयार होत नाही. व्यवसाय करणारे तर नाहीच होत, आणि जोर करू नका. अशा वेळी मी उलटा रस्ता घेतो. ७० हा आकडा सगळ्यांसमोर ठेवायचा आणि प्रत्येकाने, दुसऱ्याचा आकडा न बघता, 'मला दर महिन्याला न चुकता इतके झेपतील' एवढंच लिहून एकाच वेळी पाठवायचं. बेरीज ७० च्या वर गेली तर सगळ्यांचे प्रमाणात कमी करायचे. कमी पडली तर फक्त तेवढ्या फरकावर बोलायचं. ६० जमले असतील तर भांडण १० चं आहे, आणि १० साठी बोलणं ७० साठी बोलण्यापेक्षा फार सोपं असतं. या पद्धतीत जास्त देणारा माणूस बहुधा स्वतःहूनच जास्त लिहितो. सक्ती नसते ना.

आता ताईचं. तुमच्या प्रश्नात ती 'झेपणार नाही' या एका वाक्यात आली आहे, जणू ती फक्त कमी देणारी आहे. माझ्याकडे एकदा अशीच तीन भावंडं आली होती. आईला सांभाळणारी बहीण गप्प बसून होती. भाऊ बोलून झाले तेव्हा तिने पर्समधून भिंतीवरच्या कॅलेंडरचं फाडलेलं एक पान काढलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडे होते: १.४०, ३.१५, ५. रात्री कितीला उठावं लागलं ते. काही चौकटींत चार-चार वेळा. डॉक्टरांना सांगायला म्हणून तिने लिहून ठेवलं होतं, हिशेब म्हणून नाही. मोठा भाऊ ते पान बराच वेळ हातात धरून बसला. त्यानंतर त्या बैठकीत मला विशेष काही करावं लागलं नाही.

हे काम हिशेबात घ्यायची एक पद्धत आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरं इथेच चुकतात. ती 'ताईचा हिस्सा माफ' असं म्हणून मोकळी होतात. माफी हा चुकीचा शब्द आहे. माफी थकबाकीदाराला करतात. त्याऐवजी असं विचारा: ताई उद्यापासून रात्री उठली नाही, तर माणूस ठेवायला किती लागतील? समजा रात्रीच्या मदतनिसालाही दिवसासारखे ४० पडतात. मग हे ४० खर्चात मिळवा आणि तेवढेच ताईच्या नावावर जमा धरा. मोजायचं ते फक्त असं काम, ज्यासाठी एरवी माणूस ठेवावाच लागला असता. आईजवळ बसून गप्पा मारणं, तिला आवडतं ते करून घालणं हे मोजू नका, ताईलाही ते आवडणार नाही.

म्हणजे आता एकूण ११०. आठ हिस्से, एक हिस्सा १३.७५. तुमचे पाच हिस्से ६८.७५, धाकट्याचे दोन २७.५, ताईचा एक १३.७५. पण ताईने ४० आधीच कामात दिलेत. म्हणजे तिने रोख काही द्यायचं नाही, उलट तिलाच २६.२५ येणं निघतं. ताळा करून बघा: तुमचे आणि धाकट्याचे मिळून ९६.२५, त्यातून ७० चा रोख खर्च भागतो आणि २६.२५ उरतात.

हा आकडा बघून ताई पहिल्यांदा काय म्हणेल ते मी सांगतो: 'आईचं करायचे पैसे घेऊ होय मी?' हे मनापासून असतं आणि त्यावर वाद घालू नये. तिला सांगा की पैसे घेऊ नकोस, रात्री विकत घे. आठवड्यातल्या तीन रात्री माणूस ठेवला तर ४० चे तीन सप्तमांश म्हणजे सुमारे १७ रोख खर्च वाढतो आणि ताईचं काम तेवढंच कमी होतं. तिच्या नावावर आता सुमारे २३ राहतात, तिचं येणं सुमारे ९ वर येतं. आणि गंमत बघा, एकूण बेरीज ११० च राहिली. तुमचे ६८.७५ आणि धाकट्याचे २७.५ जराही हलले नाहीत. ताई जागी राहो की झोपो, भावांना खर्च तेवढाच. म्हणजे 'ताई आहे ना, कशाला माणूस ठेवायचा' असं म्हणण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. काम न मोजलेल्या घरात मात्र प्रत्येक नवीन मदतनीस हा भावांना वाढीव खर्च वाटतो, आणि ताई थकत जाते ती तिथेच.

उरलेलं ९ चं येणं तिने घ्यावं, घेतलं नाही तर तिच्या नावाने वेगळं साठू द्यावं. नोकरीतले तास कमी करून जे आई-वडिलांचं करतात त्यांची स्वतःची म्हातारपणाची बचत थांबलेली असते, हे चाळिशीत कोणाला दिसत नाही.

तुमचा आकडा ४३.७५ वरून ६८.७५ वर गेला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जास्त वाटला तर रात्रींची किंमत निम्मी, म्हणजे २० धरता येते. मग एकूण ९० होतात, तुम्ही ५६.२५, धाकटा २२.५, आणि ताईचं येणं ८.७५. पण सुरुवात पूर्ण किमतीपासून करा. तुम्ही निम्म्यापासून सुरुवात केलीत तर ताई संकोचाने तिथेच मान डोलावेल, आणि निम्म्याचंही निम्मं करायला कोणीतरी तयारच असतं.

धाकट्याला दर महिन्याला पूर्ण २७.५ मागू नका. व्यवसायात एक महिना भरलेला, एक कोरडा. कमाई मागच्या २४ महिन्यांची सरासरी काढून धरा, आणि त्याला दोन टप्प्यांत द्यायला सांगा: काही झालं तरी महिन्याला २०, आणि तीन महिन्यांनी राहिलेले २२.५ एकदम. 'जमेल तसं' याचा खरा त्रास रक्कम कमी असण्याचा नसतो, कधी येणार ते ठाऊक नसण्याचा असतो. महिन्याला २० नक्की येणार हे कळलं की ताईला मदतनिसाचा पगार ठरलेल्या दिवशी देता येतो.

पैसे ठेवायला वेगळं खातं काढा, त्यात दुसरा कुठलाच व्यवहार नको. तुम्ही आणि धाकट्याने महिन्याच्या ५ तारखेला भरायचं, ताईने खर्च करायचा, आणि हिशेब मात्र धाकट्याने लिहायचा. हे मी मुद्दाम सांगतोय. ज्याच्यावर सगळ्यांना थोडा संशय आहे त्याच्याच हातात वही द्या. दोन महिने स्ट्रिप्स आणि डायपरच्या पावत्या उतरवल्यावर 'एवढे कुठे लागतात' हा प्रश्न तो पुन्हा विचारत नाही. बिलांचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं बंद करा. आई-बाबा त्या ग्रुपवर असतात आणि आपल्या औषधाची किंमत रोज वाचणं त्यांच्या जिवावर येतं. बाबा एखाद दिवशी गोळी 'विसरतात', ती विसरलेली नसते.

आता भरतीचा खर्च. आई-बाबांची ठेव असेल तर त्यातून तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम, आपल्या मापात ३००, राखीव म्हणून सहज काढता येईल अशी ठेवा. क्रम लिहून ठेवा: आधी विमा, मग राखीव, मग त्यांची उरलेली ठेव, आणि त्यानंतरही लागले तर पाच-दोन-एक. दवाखान्यात जो उभा असेल त्याने कोणालाही फोन न करता किती रकमेपर्यंत सही करायची, ती मर्यादाही आजच ठरवा. २०० ठीक आहे. रात्री दोन वाजता ताई दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून दोन भावांना आळीपाळीने फोन लावतेय, ही वेळ येऊ देऊ नका. भरतीच्या वेळी ज्याने कार्ड पुढे केलं त्याला सात दिवसांत खात्यातून पैसे परत गेले पाहिजेत. आणि विम्याचे परतावे आले की लगेच याच खात्यात वळते करा. परतावा महिन्या-दोन महिन्यांनी बाबांच्या जुन्या खात्यात येतो, कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि ज्याने कार्ड वापरलं तो बुडाला असं त्याला आयुष्यभर वाटत राहतं. अशा दोन प्रकरणांत मी बँकेची पानं उलगडून तो परतावा शोधून दिला आहे.

एक नियम फार कामाला येतो: ठरलेल्या पातळीच्या वरची निवड ज्याची, तो फरक त्याचा. तिघांनी दोन रुग्णांची खोली ठरवली आणि तुम्हाला स्वतंत्र खोली हवी वाटली, तर जरूर घ्या, वरचे पैसे तुमचे. पण उपचार कोणता करायचा, शस्त्रक्रिया करायची की नाही, यात पाच हिस्से देणाऱ्याला पाच मतं नसतात. ते आई-बाबा आणि डॉक्टर ठरवतील, आणि त्यांना सांगता येत नसेल तेव्हा तिघं सारख्या आवाजात बोलतील. हे प्रस्तावात स्पष्ट लिहा, कारण जास्त पैसे देणारा भाऊ आता हुकूम सोडणार ही भीती ताई आणि धाकटा बोलून दाखवणार नाहीत.

ठेव नसेल आणि सगळी पुंजी राहत्या घरात अडकली असेल, तर तुम्ही हिश्श्यापेक्षा जास्त भरलेली रक्कम पुढे घरातून वळती करायची की नाही, हे आई-बाबा शुद्धीत आणि राजीखुशीने आहेत तोवरच ठरतं. त्यांची इच्छा असेल तर तिथल्या कायद्यानुसार वकिलाकडून लेखी करून घ्या. नसेल, तर ती रक्कम दिली असं समजा आणि विषय मनातून काढून टाका. मधली अवस्था ठेवू नका. मी स्वतः ठेवली होती. वडिलांच्या शेवटच्या तीन वर्षांत बहुतेक सगळं मीच भरत होतो, कोणाला काही बोललो नाही, पण मनात पै-पै मांडत होतो. वडील गेल्यावर वर्षभराने एका किरकोळ बोलण्यावरून तो आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला. भाऊ म्हणाला, 'मला कधी मागितलेस?' मी कधीच मागितले नव्हते. दिवसभर लोकांना सांगायचं ते घरी करायचं राहून गेलं होतं.

तुमच्या मागच्या बिलांचंही तेच. ते हवे असतील तर आत्ता, आकड्यासकट मागा. नको असतील तर 'या तारखेपर्यंतचं झालं गेलं' असं लिहून टाका. फक्त 'आजवर मीच भरत आलोय' हे वाक्य प्रस्तावात नको. पैसे तर मागत नाही, पण देणं आहे याची आठवण मात्र करून देतो, असं ते वाक्य आहे.

मांडणीचा क्रम असा ठेवा. पहिला फोन ताईला, एकटीला, आणि त्या फोनमध्ये पैशाचा शब्द नको; रात्री किती वेळा उठतेस, शेवटची सलग झोप कधी झाली, एवढंच विचारा. मग दोघांना खर्चाचा कागद पाठवा, त्यात हिस्से नकोत. तीन-चार दिवस जाऊ द्या, दुरुस्त्या येऊ द्या. मग प्रस्ताव, लेखी. सणासमारंभाला सगळे जमलेत म्हणून तिथे विषय काढू नका. समोरासमोर माणूस 'हो' म्हणतो आणि घरी जाऊन जोडीदाराशी बोलल्यावर त्याचं 'हो' बदलतं. जोडीदाराशी बोलायला वेळ लागणारच, तो तुम्हीच देऊन ठेवा. मी असं काहीतरी लिहीन:

'ताई, धाकट्या, सोबत मागच्या तीन महिन्यांचा खर्च आहे. ताईने सांगितलेल्या दुरुस्त्या केल्यात. आई-बाबांच्या पेन्शनमधून ३० निघतात, ७० आपल्याला बघायचे आहेत. ताई रात्रीचं जे करते त्याला माणूस ठेवला तर ४० लागतील, म्हणून ते खर्चात धरून तिच्या नावावर जमा केलेत. मी माझी कमाई आणि खर्च खाली लिहिलाय, त्यावरून माझा वाटा ६९ च्या आसपास येतो आणि तो मला मान्य आहे. तुम्ही तुमचे आकडे सांगा, किंवा नुसतं किती झेपेल ते सांगा. मागच्या बिलांचं काही धरलेलं नाही, ते संपलं. घरी बोलून घ्या, १० दिवसांनी फोनवर बोलू. सहा महिन्यांनी सगळं पुन्हा बघू, कोणाचं काही बदललं तर त्याआधीही.'

स्वतःचा आकडा आधी आणि उघडा, हे या पत्रातलं खरं काम करणारं वाक्य आहे.

लागू झाल्यावर काय बिघडतंय ते पैशांवरून उशिरा कळतं. आधी दिसतं ते वेगळंच. ताईकडून पावत्या येणं थांबतं, कारण खात्यातून मागायचा तिला कंटाळा किंवा संकोच आला आहे आणि ती पुन्हा पर्समधून भागवतेय. किंवा कोणीतरी म्हणतं, 'मी आईच्या हातात वेगळे दिलेत.' ते आईला दिलेलं प्रेमाचं आहे, चांगलंच आहे, पण खात्यात धरायचं नाही. एकदा धरलंत की पुढे प्रत्येक साडी आणि प्रत्येक फळांची पिशवी हिशेबात येते. सलग तीन महिने कोणाचे पैसे उशिरा आले तर आठवण करत बसू नका, त्याचा हिस्साच चुकीचा लागला आहे असं समजून पुन्हा आकडे काढा.

आणि १० दिवसांनी धाकट्याचं उत्तर 'बघू' असं आलं, जे येण्याची बरीच शक्यता आहे, तर चिडू नका आणि समजावतही बसू नका. 'किती बघू' ऐवजी 'कधीपर्यंत बघू' एवढंच विचारा. त्या तारखेलाही काही आलं नाही, तर त्याचे दोन हिस्से ताईवर जाऊ देऊ नका. तुम्ही दोघं कायम झेपेल एवढ्यावर योजना बसवा, तेवढ्यात किती रात्री माणूस ठेवता येतो ते बघा, आणि वहीत त्याच्या नावाचा रकाना रिकामा ठेवा. दर महिन्याला तीच वही त्यालाही पाठवत राहा, वर एक शब्दही न लिहिता.